उपचारांनी गाणी आटत नाहीत

“२७ व्या वर्षी मरण हा रॉक संगीताला लागलेला शाप आहे. खऱ्या कलावंताला वेदनेतूनच गाणी सुचतात, औषधोपचार सुरू झाले की गाणी आटतात. जुने लोक कुरकुर न करता वाजवत राहिले. आजचे नैराश्याचं कारण सांगून दौरे रद्द करतात.”

हा मजकूर माझ्या भाच्याला त्याच्या बँडमधल्या मित्राने पाठवला. भाचा बास गिटार वाजवतो, नैराश्यावर औषधं घेतो, आणि हे वाचल्यापासून गोळ्या बंद करायच्या म्हणतोय. म्हणून हे उत्तर.

शापाचं आधी उरकतो. हेन्ड्रिक्स, जॉप्लिन, मॉरिसन, कोबेन हे रॉक कलावंत सत्तावीसाव्या वर्षी गेले, हे खरं. पण ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली एक अभ्यास छापून आला. १९५६ ते २००७ या काळात ज्यांचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, अशा १,०४६ संगीतकारांची त्यात नोंद होती. सत्तावीसाव्या वर्षी मृत्यूचं प्रमाण वाढलेलं त्यात कुठेही दिसलं नाही. मात्र संपूर्ण विशी-तिशीत त्यांना मृत्यूचा धोका सामान्य लोकांपेक्षा दोन ते तीन पट जास्त होता. तेव्हा धोका आहे, हे मला मान्य करावं लागतं. पण तो एका वर्षाला चिकटलेला नाही, आणि शाप म्हटलं की त्याची कारणं शोधायची कोणालाच गरज उरत नाही.

आता औषधांचं, कारण घातक आहे ते हेच. बीच बॉइज या अमेरिकन बँडचा गीतकार-गायक ब्रायन विल्सन घ्या. डिसेंबर १९६४ मध्ये ह्यूस्टनला जाणाऱ्या विमानात त्याला घबराटीचा तीव्र झटका आला. त्यानंतर त्याने दौरे सोडले. मंचावर त्याची जागा आधी ग्लेन कॅम्पबेलने आणि मग ब्रूस जॉन्स्टनने घेतली. १९६६ च्या सुरुवातीला बाकीचा बँड जपानच्या दौऱ्यावर होता, तेव्हा विल्सन स्टुडिओत भाडोत्री वादकांना घेऊन ‘पेट साउंड्स’ या अल्बमचं वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित करत होता. परत आल्यावर बाकीच्यांनी त्यावर गायलं. दौऱ्यातून सुटका झाली नसती तर हे काम त्याच्या हातून झालं असतं, असं मला वाटत नाही. पुढे आजार बळावला तसा तो सत्तरच्या दशकात बँडच्या कामातून बराचसा बाहेर पडला. १९६७ साली अर्धवट सोडलेला ‘स्माइल’ हा अल्बम त्याने २००४ मध्ये पूर्ण केला, तेव्हा तो मानसिक आजारावर उपचार घेत होता. त्याच्या गाण्यांत दुःख आहे, नाही कोण म्हणतं? पण आजार सर्वांत जोरात होता तेव्हा काम थांबलं होतं.

औषधांनी कधी त्रासही होतो, हेही सांगायला हवं. त्यासाठी ‘कुरकुर न करणाऱ्या’ जुन्या लोकांकडेच जाऊ. जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचा गायक इयन कर्टिस. डिसेंबर १९७८ मध्ये लंडनच्या कार्यक्रमाहून परतताना त्याला फेफऱ्याचा झटका आला. लगेच १९७९ मध्ये अपस्माराचं निदान झालं. त्या काळची औषधं जड होती, मनःस्थितीवरही परिणाम करायची. अशा रुग्णाला पुरेशी झोप हवी, लखलखणारे दिवे टाळायला हवेत. बँडच्या वाट्याला रात्रीचे प्रवास आणि मंचावरचा झगमगाट. ४ एप्रिल १९८० ला लंडनमध्ये एकाच रात्री दोन कार्यक्रम होते आणि त्याला मंचावरच झटका आला. तीनच दिवसांनी त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. दुसऱ्याच दिवशी बरी या गावी कार्यक्रम होता. तो रद्द झाला नाही. कर्टिस जेमतेम थोडा वेळ गायला, इतरांनी वेळ मारून नेली, आणि शेवटी प्रेक्षकांत दंगल झाली. १८ मे रोजी, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी, त्याने आत्महत्या केली. वय २३. त्याच्या संसारातही तेव्हा मोठे ताण होते, त्यामुळे एकाच कारणावर बोट ठेवणं चूक ठरेल. पण गाण्यांच्या शब्दांत काय होतं ते आपल्या लक्षात आलं नाही, तो ‘मी ठीक आहे’ म्हणायचा आणि आपण पुढे जायचो, असं सोबतचे वादक पुढे सांगत राहिले. ज्या सहनशीलतेचं कौतुक हा मजकूर करतो, ती ही आहे.

बोलायची सोय हळूहळू झाली. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून मानसोपचार घेत होता, पण नैराश्याबद्दल जाहीरपणे मोकळं बोलला तो २०१२ च्या सुमाराला आणि मग २०१६ च्या आत्मचरित्रात. आजचे दौरे रद्द करणं सोपं असल्याचा समजही चुकीचा आहे. पूर्वी दौरा रेकॉर्ड खपवण्यासाठी असे; आता बहुतेक बँडना रेकॉर्डमधून फारसा पैसा येत नाही, तो मुख्यतः दौऱ्यातून येतो. सभागृहं, ट्रक, ध्वनी आणि प्रकाशयोजना करणारी माणसं, सगळ्यांची मिळकत त्या तारखांवर असते. तरीही २०१९ मध्ये मेटालिका या बँडने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा दौरा पुढे ढकलला, कारण त्यांचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड व्यसनमुक्ती उपचारांसाठी दाखल झाला होता. हेटफिल्ड तेव्हा ५६ वर्षांचा होता, म्हणजे जुन्यांपैकीच. २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या कार्यक्रमात त्याने हजारो लोकांसमोर सांगितलं की मला आता वाजवता येणार नाही, मी म्हातारा झालोय, असं वाटून मी खचलो होतो, आणि हे सोबतच्यांना सांगितल्यावर त्यांनी मला जवळ घेतलं. मग त्याने पुढचं गाणं वाजवलं.