लग्नासाठी पहिले प्रोफाइल भरणाऱ्या धाकट्या भावाला पत्र

(नात्याने तो माझा चुलत भाऊ, पण वयातल्या अंतरामुळे मला काकाच म्हणतो. विवाहस्थळ नोंदवण्यासाठी त्याने भरलेला मसुदा माझ्याकडे तपासायला पाठवला होता. आमच्या समाजाच्या वधू-वर सूचक केंद्रात मी बरीच वर्षे फॉर्म तपासण्याचे काम करतो, म्हणून उत्तर जरा लांबले. त्याच्या परवानगीने ते येथे देत आहे. नाव व ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा दोनदा वाचला. त्यात धडधडीत खोटे असे फार थोडे आहे, मात्र जवळजवळ प्रत्येक रकान्यात थोडीथोडी भर घातलेली आहे. असे सगळेच करतात, असे तू म्हणशील, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु पहिले प्रोफाइल वाचणारी माणसे तुला ओळखत नाहीत. त्यांच्यासमोर फक्त तुझे आकडे असतात, आणि हे आकडे पुढे कोठे ना कोठे तपासले जातात. कोणता आकडा कोठे उघडा पडतो हे मी केंद्रात बसून पाहत आलो आहे, तेवढेच तुला सांगतो.

आधी उत्पन्नाचा रकाना घेऊ. तू 15 लाख लिहिले आहेस. तुझ्या नेमणूकपत्रावर सीटीसी 12 लाख आहे; उरलेले 3 लाख ही येत्या एप्रिलमधील अपेक्षित वाढ, असे तुझ्या आईकडून कळले. न मिळालेली वाढ बाजूला ठेवू आणि 12 लाखांचेच काय होते ते पाहू. त्यातले 1 लाख 20 हजार कामगिरीवर अवलंबून असलेले, म्हणजे वर्षाअखेरीस मिळतील तर मिळतील असे आहेत. मूळ वेतन 6 लाख धरले, तर कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी 72 हजार आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे 29 हजार, हेही त्याच 12 लाखांत मोजलेले असते. मग तुझ्या वाट्याचे 72 हजार निधीत जातात आणि व्यवसाय कराचे 2,500 रुपये कापले जातात. नव्या करप्रणालीत या उत्पन्नावर सध्या आयकर लागत नाही, हे तुझे नशीब. एवढे सगळे वजा जाता दरमहा हातात येतात 75 हजारांच्या आसपास. वाचणाऱ्या मुलीचे वडील मात्र 15 लाखांना 12 ने भागतात आणि सव्वा लाख असे मनात धरून चालतात. सव्वा लाख आणि 75 हजार यांतील अंतर पहिल्या भेटीत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या बोलण्यात बाहेर येतेच, कारण तोपर्यंत विषय घरभाड्यावर, हप्त्यांवर आणि तिच्या नोकरीवर आलेला असतो.

यात आणखी एक गोष्ट तुझ्या ध्यानात आलेली दिसत नाही. संकेतस्थळावर बहुतेक जण उत्पन्नाची मर्यादा घालून शोध घेतात. तू 15 लाख लिहिलेस की 15 लाखांच्या खालचे स्थळ नको असे ठरवलेल्या लोकांच्या यादीत तुझे नाव जाते, आणि 10 ते 12 लाखांमध्ये समाधानी असलेल्या, म्हणजे तुला खरोखर जुळू शकणाऱ्या घरांच्या यादीतून ते गळते. नेमके ज्यांना तू नको आहेस त्यांच्याचपुढे हा फुगवलेला आकडा तुला उभा करतो. उंचीचेही तसेच. पाच फूट साडेसहा इंचांचे तू पाच फूट आठ केलेस. हा दीड इंच कांदेपोहे खायला बसायच्या आधी, दारात चपला काढतानाच दिसतो, आणि मग समोरची माणसे शिष्टाचार म्हणून तासभर बसतात व तुझे बाकीचे सगळे आकडे मनातल्या मनात कमी करत राहतात.

फ्लॅटबद्दल तू 'पुण्यात स्वतःचा टू बीएचके' असे लिहिले आहेस. घर तुझ्या नावावर आहे, म्हणून वाक्य खोटे नाही. पण 45 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी आहे आणि त्याचा हप्ता सुमारे 39 हजार जातो, हे त्याच वाक्याच्या पुढे लिहिले पाहिजे. हातात येणाऱ्या 75 हजारांतले 39 हजार म्हणजे निम्म्याहून अधिक. ही गोष्ट लपवण्यासारखी मुळीच नाही. कमावत्या मुलीला तर हप्ता सुरू असलेले घर हे जबाबदार माणसाचेच लक्षण वाटते. मात्र तीच गोष्ट साखरपुड्यानंतर कळली, तर लग्न माझ्याशी ठरवले की माझ्या पगाराशी, असा प्रश्न तिच्या मनात उभा राहील, आणि त्याला तुझ्याकडे उत्तर नसेल.

आता शेती. 'सातारा जिल्ह्यात 8 एकर बागायती' हे वाचून मला हसू आले, कारण त्यात माझाही हिस्सा आहे. ती जमीन आजोबांची. सात-बाऱ्यावर आजोबांच्या चारही मुलांच्या वारसांची नावे सामाईक आहेत आणि वाटप अजून झालेले नाही. तुझ्या वडिलांच्या वाट्याला सरळ हिशेबाने 2 एकर येतात, आणि त्यातले पाण्याखाली किती येतील हे वाटप झाल्यावरच कळेल. गट क्रमांक माहीत असला की सात-बारा महाभूलेखच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो, आणि गावाकडची माणसे तो पाहतातच. तेथे नाही पाहिला तर गावातला एखादा पाहुणा फोनवर सांगतो. म्हणून 'वडिलोपार्जित सामाईक शेती, वडिलांचा हिस्सा अंदाजे 2 एकर' एवढेच लिही.

पत्रिकेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुझ्या मसुद्यात जन्मवेळ बदललेली आहे आणि ही सूचना कोणाची असेल हेही मला ठाऊक आहे. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाने बहुधा रास, नक्षत्र, नाडी यांत फरक पडत नाही आणि 36 गुणांचा हिशेबही तोच राहतो. लग्नरास मात्र सुमारे दोन तासांनी बदलते. लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की पत्रिका मंगळाची म्हणतात, म्हणून वेळ थोडी सरकवून तो शेजारच्या स्थानी ढकलण्याची ही जुनी युक्ती आहे. माझा स्वतःचा पत्रिकेवर फारसा विश्वास नाही, आणि ज्या घराला मंगळ चालत नाही ते घर मला तरी तुझ्यासाठी फार योग्य वाटत नाही. पण ज्यांचा विश्वास आहे त्यांना खोटी वेळ देणे म्हणजे त्यांचा निर्णय त्यांच्या नकळत आपण घेणे. जन्मदाखल्यावर सहसा वेळ नसते, पण प्रसूतिगृहाचा कागद तुझ्या आईने जपून ठेवला आहे. त्यावरची वेळ लिही. पत्रिका पाहायचीच नसेल, तर 'पत्रिका पाहत नाही' असे लिहिण्याची सोय आहेच.

खरे लिहायचे म्हणजे सगळेच पहिल्या दिवशी चव्हाट्यावर मांडायचे, असा मात्र अर्थ नाही. तुझा मागे मोडलेला साखरपुडा प्रोफाइलवर लिहिण्याची गरज नाही. तो प्रत्यक्ष भेटीत, दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी, तू स्वतः सांगावास. कायम औषध चालू असलेल्या आजाराचेही मी असेच सांगतो: प्रोफाइलवर नाही, पण होकार देण्याघेण्यापूर्वी नक्की. आधीचे लग्न, घटस्फोट किंवा मूल असेल, तर ते मात्र पहिल्याच रकान्यात हवे. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 12 नुसार, महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत कपट करून संमती मिळवली असेल, तर विवाह रद्द ठरवून मागता येतो. कपट उघडकीस आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पगारातला प्रत्येक फुगवटा त्यात बसेलच असे नाही, परंतु न्यायालयाची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी घरातला विश्वास गेलेला असतो.

काही गोष्टी तर प्रोफाइलवर येऊच नयेत. घराचा पूर्ण पत्ता, कंपनीच्या ओळखपत्राचा फोटो, आधारचा क्रमांक यांपैकी काहीही सर्वांना दिसेल असे ठेवू नकोस. विवाहविषयक संकेतस्थळांनी सदस्यांची ओळख पडताळावी आणि त्यांना फसवणुकीबाबत सावध करावे, अशी सूचना केंद्र सरकारने 2016 मध्ये काढली. पडताळणीसाठी संकेतस्थळाने कागद मागितले तर ते त्यांना दे, पण ते इतर सदस्यांना दिसण्याचे कारण नाही.

फोटोंमध्ये फार वेळ घालवू नकोस. गेल्या सहा महिन्यांतले दोन पुरेत, एक चेहऱ्याचा आणि एक पूर्ण उभा, चष्मा रोज लावत असशील तर चष्म्यासह. मित्रांच्या घोळक्यातला फोटो नको, कारण मुलगा नक्की कोणता हे विचारायला आमच्याकडे फोन येतात.

'स्वतःविषयी' या रकान्यात तू 'साधा, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल' असे लिहिले आहेस आणि 'अपेक्षा' या रकान्यात 'अनुरूप'. हे चार शब्द प्रत्येक फॉर्मवर असतात, आणि त्यांवरून हो किंवा नाही म्हणता येत नाही. त्याऐवजी मी असे सुचवतो:

'पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी. सीटीसी 12 लाख, दरमहा हातात सुमारे 75 हजार. स्वतःचा टू बीएचके फ्लॅट, गृहकर्ज चालू, हप्ता 39 हजार. आईवडील गावी असतात, वर्षातून काही महिने माझ्याकडे राहतील. मांसाहार करतो, मद्यपान करत नाही. आठवड्यातून दोन दिवस स्वयंपाक मी करतो. पुण्यात नोकरी करणारी किंवा पुण्यात येण्यास तयार असलेली मुलगी अपेक्षित. लग्नानंतर तिने नोकरी चालू ठेवावी असे वाटते, कारण घराचा हप्ता दोघांच्या पगारांत सुलभ जाईल.'

शेवटचे वाक्य वाचून तू बिचकशील. काही घरे त्या वाक्यावरच थांबतील, हे मला माहीत आहे, पण ती घरे पुढेही याच मुद्द्यावर थांबली असती, फक्त तोपर्यंत दोन्हीकडचे तीन-चार रविवार गेले असते. स्वयंपाकाचे वाक्य खरे असेल तरच ठेव. तुझ्या आईला विचारूनच मी ते कायम करीन.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. संपर्कासाठी तू आईचा नंबर दिला आहेस, ते योग्यच आहे. पण फोन आला की ती कौतुकाने पगार वाढवून आणि हप्ता विसरून सांगणार, मग प्रोफाइलवर एक आणि फोनवर दुसरे असे होणार, आणि समोरच्यांना त्यांतले कोणते खरे हे कळणार नाही. म्हणून अंतिम मजकुराची प्रत काढून तिच्या फोनजवळ ठेव, आणि फोनवर त्याच्यापेक्षा जास्त काही सांगायचे नाही असे तिच्याशी आधीच ठरव. शेतीचा गट क्रमांक कोणी विचारला तर त्यांना माझ्याकडे पाठव, तो मला पाठ आहे.

तुझा,
काका