सूचना अशी द्या, की कुणी पाळू नये

मंडळाचे निवेदक म्हणून निवड झाल्याबद्दल अभिनंदन. वर्गणीचं पुस्तक एकानं उचललं, ढोलपथकाची बोलणी दुसऱ्यानं, आणि उरला तो माइक तुमच्या हाती आला. खचून जाऊ नका. यंदा आवाजाची मर्यादा, विसर्जनाची वेळ आणि निर्माल्य या तीन बाबींवर मंडपातून सूचना द्यायची, असं पोलिसांबरोबरच्या बैठकीत आपण सगळ्यांनी माना डोलावून कबूल केलंय. तेव्हा सूचना द्यावी तर लागेलच. ती अशी द्यायची, की दिल्याचं पुण्य लागावं आणि पाळण्याचा त्रास कुणालाच होऊ नये.

सुरुवात नावांनी करा. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, स्वागताध्यक्ष, मार्गदर्शक, आधारस्तंभ, मग सौजन्य, मग मांडव घालून देणारे. आधारस्तंभांपर्यंत पोचेपर्यंत निम्म्या गल्लीनं खिडक्या लावून घेतलेल्या असतील. उरलेल्यांसाठी ‘समस्त गणेशभक्तांना विनम्र आवाहन करण्यात येते की’ हे वाक्य काढा. यात आवाहन कुणी केलं, कुणाला केलं आणि कुणी काय करायचं, यातलं काहीही कळत नाही. ‘शक्यतो’ आणि ‘योग्य ती दक्षता’ हे दोन मोहरे मात्र जपून वापरा. ते आवाजाच्या मुद्द्यासाठी राखून ठेवायचे आहेत.

आवाजाबद्दल बोलताना आकडा देऊ नका. ‘आवाज मर्यादेत ठेवण्यात यावा’ एवढंच म्हणा. कारण आकडा दिला की तो मोजता येतो, आणि इथला आकडा भलताच गैरसोयीचा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. त्यानुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० मर्यादा ५५ डेसिबल, आणि १० नंतर ४५. सार्वजनिक ठिकाणी स्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर यापेक्षा १० डेसिबल जास्त चालतं, किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते. म्हणजे आपल्यासारख्या राहत्या गल्लीत मांडवाच्या हद्दीवर दिवसा ६५. समोरासमोर उभी राहिलेली दोन माणसं जरा मोकळेपणानं बोलली, तरी आवाज ६५ च्या आसपास जातो! गणपतीसमोर गप्पा मारण्याइतक्या आवाजात गाणी लावायची, हे कार्यकारिणीत कोण मांडणार?

आता आपली गल्ली घ्या. मांडवाच्या दर्शनी कडेला दोन स्पीकर उंचावर टांगलेत, तोंडं रस्त्याकडे. स्पीकरपासून एक मीटरवर आवाज ९५ डेसिबल आहे असं धरू. उत्साही मंडळाला हे फार नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनी उतरतो. २ मीटरवर ८९, ४ मीटरवर ८३, ८ मीटरवर ७७. समोरच्या इमारतीची गॅलरी ८ मीटरवरच आहे. ६५ वर यायला ३२ मीटर लागतात, आणि तेही दोन्ही बाजूंना भिंती नसतील तर. आपल्याकडे त्या आहेत, त्यामुळे आवाज त्यांच्यावर आपटत पुढे जातो आणि हिशेबापेक्षा कमीच उतरतो. ६५ आणि ९५ मधला फरक आकड्यांत दीडपट दिसतो, पण ऊर्जेच्या हिशेबानं तो हजारपट आहे. हे सगळं तुम्हाला माहीत असलं तरी माइकवर बोलू नका. नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल, की दोन मोठ्या स्पीकरऐवजी चार लहान लावा, खाली आणि तोंडं मांडवाच्या आत करून, म्हणजे भक्तांना ऐकू येईल आणि गॅलरीला येणार नाही. अशानं मंडळाचा दरारा राहील का?

कुणी फोनवरचं मोजमापाचं ॲप दाखवलंच, तर घाबरायचं कारण नाही. एक तर फोनच्या आकड्यावर कोणी शपथ घेत नाही. दुसरं म्हणजे, नियमातलं मोजमाप कानाच्या संवेदनेप्रमाणे केलेलं असतं, आणि त्यात खोल आवाजाला सूट मिळते. ५० हर्ट्झच्या आसपासचा बेस या मोजणीत सुमारे ३० डेसिबलनी कमी धरला जातो. म्हणूनच बेसच्या पेट्यांची भिंत उभी केली, की खिडकीची काच थरथरते, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धडधडतं आणि मीटर मात्र सोज्वळ चेहऱ्यानं बरा आकडा दाखवतो. हात लांब केल्यावर पोचेल इतक्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज साधारण ८५ च्या पुढे गेलाय असं समजावं. ही खूण ॲपपेक्षा सोपी आहे, म्हणून ती कुणाला सांगू नका.

रात्री १० ची अडचण मात्र नीट हाताळा. १० नंतर सार्वजनिक ठिकाणी स्पीकर बंद, हा मूळ नियम. सणांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. आपल्या जिल्ह्यात त्यातले कोणते दिवस, ते जिल्हाधिकारी जाहीर करतात. सवलत वेळेची आहे, आवाजाची नाही. १० नंतर रात्रीची मर्यादा लागू होते, म्हणजे मांडवाच्या हद्दीवर ५५. तुम्ही माइकवर ‘आज बारापर्यंत परवानगी आहे’ एवढंच मोठ्या आवाजात सांगा आणि थांबा. टाळ्या पडतील.

आता विसर्जन. वेळ सांगायची नाही. ‘विसर्जन मिरवणूक सायंकाळी उत्साहात निघेल’ म्हणा. सायंकाळ ५ लाही होते आणि साडेनवालाही. ४ वाजता निघणार म्हटलं, की सव्वाचारला लोक घड्याळ बघू लागतात आणि ट्रॅक्टर कुठे आहे ते विचारतात. उलट वेळच नसेल, तर मिरवणूक उशिरा निघाली असं कुणाला म्हणताच येत नाही. पुण्यातल्या मोठ्या मिरवणुका अनंत चतुर्दशीला सुरू होऊन दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतात, मग आपण का मागं राहावं? उत्तरपूजा, निघण्याची वेळ, मार्ग आणि हौद या चार गोष्टी एका कागदावर मावतात, तेव्हा असा कागद छापू नका.

घरोघरीच्या गणपतींचं काय करायचं, तेही संदिग्ध ठेवा. कृत्रिम हौद शाळेच्या मैदानात आहे, ही गोष्ट तिथं जाऊन कळण्यात जी मजा आहे ती आधी सांगण्यात नाही. आणि मूर्ती शाडूची की पीओपीची, हे तर विचारूच नका. शाडू काही तासांत विरघळतो. पीओपी पाण्यात कालवून मूर्ती ओततानाच त्याचा जिप्सम होतो, आणि जिप्सम विरघळायला नाखूष असतो, म्हणून हौदात सोंड, मुकुट आणि उंदीर बरेच दिवस वर दिसतात. पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं यावर उपाय शोधून ठेवलाय. मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट बादलीभर पाण्यात घालायचं, मूर्ती बुडवायची, अधूनमधून ढवळायचं. सुमारे दोन दिवसांत मूर्ती विरते. तळाशी खडू बसतो आणि वर खताच्या उपयोगाचं पाणी राहतं. अमोनियाचा वास येतो, म्हणून बादली गॅलरीत ठेवावी लागते. हे माइकवर सांगायला एक मिनिट लागतं, आणि तेवढ्यात दोन देणग्या जाहीर होतात. प्राधान्य कशाला, ते तुम्हीच ठरवा.

निर्माल्याबाबत ‘निर्माल्य कलशातच टाकावे’ हे वाक्य गेली कित्येक वर्षं उत्तम चाललंय. लोक ते तंतोतंत पाळतात. हार, दुर्वा, केवडा, उदबत्तीचं पाकीट, मखराचा थर्माकोल, काल रात्रीचा मोदक, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठ मारून, कलशात. आत काय जातं हे सांगितलं नाही, म्हणून जे येतं ते आत जातं. मग खत करणाऱ्यांना ती गाठ हातानं सोडावी लागते. हाराचा नायलॉनचा दोरा यंत्राच्या पात्याला गुंडाळतो, चमकी आणि प्लॅस्टिकचे मोती खतात तसेच राहतात, आणि मोदकाला दुसऱ्या दिवशी असा वास सुटतो, की सफाई कर्मचारी पिंप न उघडता सगळंच कचऱ्याच्या गाडीत लोटतात. भक्तिभाव शेवटी गाडीतच गेला, तर तो तरी वेगळा का करायचा?

एक धोका मात्र सांगून ठेवतो. आपल्याच मंडळातल्या एका निवृत्त शिक्षिका काकूंनी सूचनेचा मसुदा लिहून आणलाय. तो असा:

‘नमस्कार. तीन सूचना आहेत. एक. आज स्पीकर रात्री १० वाजता बंद होईल. त्याआधी आवाज जास्त वाटला, तर मांडवातल्या पिवळ्या टोपीच्या कार्यकर्त्याला सांगा, तो लगेच कमी करेल. दोन. उद्या दुपारी ३ वाजता उत्तरपूजा, ४ ला मिरवणूक, ७ ला शाळेच्या मैदानातल्या हौदावर विसर्जन. घरच्या मूर्ती तिथंच दुपारी १२ ते रात्री ९ स्वीकारू. आरती घरी करून या, हौदाजवळ जागा कमी आहे. तीन. फुलं, पत्री, दुर्वा हिरव्या पिंपात. दोरे, मोत्यांचे हार, पाकिटं निळ्या पिंपात. मोदक आणि प्रसाद दोन्हींत नको. फुलं ओतून पिशवी घरी न्या. काही अडलं तर मंडळाचा फोन फलकावर आहे. गणपती बाप्पा मोरया.’

बघितलंत? पाऊण मिनिटात संपतं, एकही आधारस्तंभ नाही, आणि कुणी काय, कुठे, किती वाजता करायचं ते शेंबड्या पोरालाही कळेल. बैठकीत हे वाचल्यावर दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग खजिनदारांनी चांगलं आहे म्हटलं आणि दुरुस्त्या सुचवल्या. सुरुवातीला नावं घालावीत. ‘१० वाजता बंद होईल’ऐवजी ‘शक्यतो १० नंतर योग्य ती दक्षता घेण्यात येईल’ असं करावं. पिवळी टोपी गाळावी, कारण ती कुणी घालायची यावर भांडण होईल. काकूंनी टोपी मी घालते म्हटलं, तेव्हा स्त्रियांना रात्री मांडवात थांबवणं आपल्या संस्कृतीत बसत नाही, असं कार्याध्यक्षांनी सांगितलं. त्यांची बायको मागच्या रांगेत प्रसादाचे द्रोण लावत होती. रात्रीचे साडेअकरा झाले होते.

उरला फोन. तो कुणाचा द्यायचा, यावर अजून एकमत नाही. तुमचा नंबर मी सुचवला होता, पण तुम्ही त्या वेळी ‘हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग’ करत होतात.