जाहिरात बंद ठेवली असती तर किती ऑर्डरी गेल्या असत्या?

ऑनलाइन जाहिरातींबद्दल हा सल्ला सारखा ऐकू येतो: "लास्ट क्लिकचा जमाना संपला. ग्राहक खरेदीआधी पाच-सहा जाहिराती बघतो. डेटा-ड्रिव्हन ॲट्रिब्यूशन चालू करा, कुठल्या जाहिरातीने किती विक्री आणली ते अचूक कळतं. मग ज्याचा रोआस जास्त तिकडे बजेट वळवा, नफा वाढतोच."

यातलं दुसरं वाक्य ढोबळमानाने बरोबर आहे. बाकीच्यांत चुका आहेत आणि त्यांचा भुर्दंड छोट्या विक्रेत्यांना बसतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊ. ॲट्रिब्यूशन म्हणजे विक्रीचं श्रेय जाहिरातींत वाटणं, आणि रोआस म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागे आलेली विक्री.

लास्ट क्लिकचं आधी उरकून टाकू. गूगल ॲनालिटिक्सने 2023 मध्ये फर्स्ट क्लिक, लिनियर, टाइम डिके आणि पोझिशन-बेस्ड ही चारही मॉडेल काढून टाकली, पण लास्ट क्लिक ठेवलं. त्याचा दोष उघड आहे: शेवटच्या क्लिकला सगळं श्रेय. दोष ठाऊक असल्यामुळे तो धरून विचार करता येतो. डेटा-ड्रिव्हनमध्ये वाटणी कशी झाली ते आपल्याला दिसत नाही आणि आकडा दशांश चिन्हासकट येतो, म्हणून तो जास्त खरा वाटतो.

आता मुख्य मुद्दा, 'अचूक' या शब्दाचा. डेटा-ड्रिव्हन मॉडेल ज्यांच्या वाटेत एखादी जाहिरात होती आणि ज्यांच्या वाटेत नव्हती, अशा लोकांची तुलना करतं. पहिल्या गटात खरेदीचं प्रमाण जितकं जास्त, तितकं श्रेय त्या जाहिरातीला. अडचण अशी की हे दोन गट मुळातच वेगळ्या माणसांचे असतात.

समजा हातमागाच्या साड्यांचं एक ऑनलाइन दुकान आहे. सरासरी ऑर्डर 2,500 रुपयांची आणि माल, पॅकिंग, कुरिअर वजा जाता हातात 40 टक्के उरतात. महिन्याभरात इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवरून 10,000 जण साइटवर येतात आणि त्यातून 100 ऑर्डरी होतात, म्हणजे 1 टक्का. आणखी 1,000 जण इन्स्टाग्रामवरून येऊन जातात, दोन दिवसांनी गूगलवर दुकानाचं नाव टाकतात, वर दिसणाऱ्या दुकानाच्याच जाहिरातीवर क्लिक करतात आणि 100 ऑर्डरी देतात, म्हणजे 10 टक्के. मॉडेलच्या नजरेत नावाच्या सर्चवरची जाहिरात वाटेत आली की खरेदीची शक्यता 1 वरून 10 टक्क्यांवर जाते. म्हणून त्या 100 पैकी 90 ऑर्डरी सर्च जाहिरातीच्या नावावर आणि 10 इन्स्टाग्रामच्या. (प्रत्यक्ष मॉडेल आणखी बरेच घटक धरतं, गाभा मात्र हाच.)

पण दुकानाचं नाव टाइप करणारी बाई साडी घ्यायचं जवळपास ठरवूनच आलेली असते. जाहिरात नसती तर तिने खालच्या फुकटच्या लिंकवर क्लिक केलं असतं. 100 पैकी 95 ऑर्डरी तशाही आल्या असत्या असं धरलं, तर जाहिरातीची स्वतःची कमाई 5 ऑर्डरींची. एका क्लिकचे 6 रुपये धरले तर 1,000 क्लिकचा खर्च 6,000 रुपये. डॅशबोर्डवर 90 ऑर्डरींचे 2,25,000 रुपये, म्हणून रोआस 37.5. प्रत्यक्षात 5 ऑर्डरींचे 12,500 रुपये, त्यात हातात उरणारे 5,000. म्हणजे 1,000 रुपयांचा तोटा, आणि तोही त्याच ओळीत जी पडद्यावर सगळ्यात चमकते.

ही भीती कागदावरची नाही. 2012 च्या मार्चमध्ये ईबे कंपनीने याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्चवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती बंद केल्या आणि तुलनेसाठी गूगलवर चालू ठेवल्या. थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांनी याचा अभ्यास 2015 मध्ये 'इकॉनोमेट्रिका'त छापला. जाहिरातीवरून येणारे जे क्लिक बंद झाले, त्यांतले 99.5 टक्के फुकटच्या लिंकवरून परत आले. पुढे अमेरिकेतल्या काही शहरी भागांत त्यांनी ईबेचं नाव नसलेल्या शब्दांवरच्या जाहिरातीही बंद करून पाहिल्या. खर्च आणि विक्री यांचा नुसता संबंध मोजला तर परतावा हजार टक्क्यांच्या पुढे दिसत होता. प्रयोगाने तो सरासरीत उणे निघाला. नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर जाहिरातीचा परिणाम होत होता. नेहमीचे ग्राहक मात्र तसेही येत होते आणि बहुतेक पैसा त्यांच्याच क्लिकवर जात होता.

ईबे सर्वपरिचित नाव होतं, हे विसरायला नको. तुमच्या दुकानाच्या नावावर प्रतिस्पर्धी बोली लावत असेल, किंवा तुमचं नाव 'पैठणी'सारख्या सर्वसाधारण शब्दात मिसळून जात असेल, तर जाहिरात बंद केल्यावर 5 टक्क्यांऐवजी 30 टक्के ऑर्डरीही जाऊ शकतात. म्हणून ईबेचा आकडा उचलून चालत नाही, आपला आपणच मोजावा लागतो.

पाच-सहा जाहिराती बघण्याबद्दल एक राहिलं. त्या 'बघितलेल्या' जाहिराती कुठलंच एक साधन पूर्ण पाहत नाही. गूगल ॲनालिटिक्सला इन्स्टाग्रामवरून आलेला क्लिक दिसतो. क्लिक न करता नुसती पाहिलेली रील दिसत नाही. मेटा आपल्या बाजूने क्लिकनंतरचे 7 दिवस आणि नुसतं पाहिल्यानंतरचा 1 दिवस या नेहमीच्या मुदतीत झालेली ऑर्डर स्वतःकडे धरतं. त्यामुळे एकच ऑर्डर दोन्हीकडे मोजली जाते. महिन्याच्या शेवटी सगळ्या डॅशबोर्डांची बेरीज करून ती ऑर्डरींच्या वहीशी ताडून पाहा. बेरीज वहीपेक्षा जास्त भरली, तर जास्तीचं श्रेय कोणीतरी लाटलं आहे एवढं नक्की. शिवाय कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर 'धन्यवाद' पानावरच विक्री म्हणून नोंदली जाते. पार्सल आरटीओ होऊन, म्हणजे ग्राहकाने न घेता, परत आलं तरी, तुम्ही स्वतः दुरुस्ती कळवली नाही तर, आकडा तसाच राहतो.

बजेट वळवण्याचा सल्ला इथेच घसरतो. वरच्या दुकानात इन्स्टाग्रामवर 1,10,000 रुपये गेले असतील, तर त्याच्या नावावरच्या 110 ऑर्डरींचा रोआस 2.5 दिसेल. 37.5 शेजारी तो फारच केविलवाणा. म्हणून मॅनेजर इन्स्टाग्रामचे पैसे कापतो, आणि दुकानाचं नाव गूगलवर टाइप करणारी माणसं पुढच्या महिन्यात कमी होतात. नाव शोधणारे हजारच असतील तर तिथलं बजेट दुप्पट करून ते दोन हजार होत नाहीत.

याच्या पोटात आणखी एक चूक आहे: सरासरी रोआस पाहून पुढच्या रुपयाचा निर्णय घेणं. 50,000 खर्चावर 2,00,000 ची विक्री असेल तर रोआस 4. खर्च 75,000 केल्यावर विक्री 2,40,000 झाली तर रोआस 3.2, अजूनही छान वाटतो. पण वाढीव 25,000 ने विक्री आणली 40,000 ची. 40 टक्क्यांनी हातात 16,000. म्हणजे 9,000 बुडाले. 40 टक्के मार्जिनला ना नफा ना तोटा असा रोआस 2.5 असतो, आणि त्याच्याशी तुलना शेवटी वाढवलेल्या रकमेची करायची.

मग मोजायचं कसं? काही शहरांत जाहिरात बंद ठेवून. आधी मागच्या आठ आठवड्यांच्या ऑर्डरी डिलिव्हरीच्या पिनकोडवरून शहरवार मांडा. चढउतार सारखा असलेली शहरं जोड्यांनी घ्या, उदाहरणार्थ सांगली आणि कोल्हापूर, आणि जोडीतलं कुठलं बंद ठेवायचं ते नाणं उडवून ठरवा. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई यांना वेगवेगळं धरू नका. जाहिरात एकीकडे दिसते आणि पार्सल दुसरीकडे जातं. गूगल ॲड्समध्ये बंद शहरं वगळताना, चालू शहरांसाठी लोकेशनचा पर्याय `Presence` हाच ठेवा. मुळात असणाऱ्या `Presence or interest` मध्ये त्या शहरांत 'रस' असलेले बाहेरचे लोकही येतात. एका वेळी एकच जाहिरात बंद करा, पहिली नावाच्या सर्चवरची आणि नंतर रीमार्केटिंगची, म्हणजे साइटवर येऊन गेलेल्यांना पुन्हा दाखवली जाणारी. किंमत, सवलत, फोटो त्या काळात बदलू नका. गौरी-गणपती किंवा दिवाळीच्या तोंडावर चाचणी लावू नका, कारण सणाची खरेदी प्रत्येक शहरात एकाच आठवड्यात चढत नाही. पहिला आठवडा हिशोबातून वगळा. आधी पाहिलेल्या जाहिरातीचा असर तेव्हा अजून उरलेला असतो.

हिशोब असा. समजा, आधीच्या आठ आठवड्यांत चालू गटातून 1,200 आणि बंद गटातून 800 पोचलेल्या ऑर्डरी, म्हणजे प्रमाण दोन-तृतीयांश. चाचणीच्या चार आठवड्यांत चालू गटातून 630 आल्या, तर बंद गटातून 420 अपेक्षित. आल्या 395. 25 ऑर्डरी गेल्या, म्हणजे 62,500 रुपयांची विक्री आणि हातचे 25,000. बंद शहरांत वाचलेला खर्च 18,000 असेल, तर जाहिरात 7,000 कमावत होती असं दिसतं.

इथे थांबून तपासायलाच हवं. 420 ऑर्डरींत निव्वळ योगायोगाने 20 च्या आसपास चढउतार होतो, आणि चालू गटाचा चढउतार त्यात मिसळतो. जाहिरात दोन्हीकडे चालू असतानाचे जुने चार-चार आठवडे घेऊन हेच गणित करा. तिथेही 25-30 चा फरक निघत असेल, तर चाचणीतून काहीच सिद्ध झालेलं नाही. शहरं वाढवा किंवा मुदत आठ आठवड्यांवर न्या. रँडल लुइस आणि जस्टिन राव यांनी 2015 मध्ये 25 मोठ्या प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा प्रचंड नमुना असूनही परताव्याचा अंदाज फार मोठ्या पल्ल्यात पसरलेला होता. महिन्याला दोनशे ऑर्डरी असलेल्या दुकानाला शहरवार चाचणीतून बारीक फरक दिसणार नाही. त्याने नावाच्या सर्चवरची जाहिरात एक आठवडा चालू, एक आठवडा बंद अशी दोन महिने ठेवून, गूगलवरून आलेले फुकटचे आणि पैशाचे क्लिक एकत्र मोजावेत. ऑर्डरींपेक्षा क्लिकचा आकडा मोठा असतो, म्हणून फरक लवकर कळतो.

डेटा-ड्रिव्हन मॉडेल फेकून द्यायचं नाही. एकाच मोहिमेतल्या दोन व्हिडिओंची रोजची तुलना त्याने करता येते, स्वयंचलित बोलीलाही ते उपयोगी पडतं. फक्त चाचणीतून निघालेला गुणक त्याला लावा. डॅशबोर्ड 62 ऑर्डरी सांगतो आणि चाचणीत 25 निघतात, तर गुणक सुमारे 0.4. मग त्या मोहिमेसाठी डॅशबोर्डवर दिसायला हवा असलेला किमान रोआस 2.5 नाही, 2.5 भागिले 0.4, म्हणजे 6.25. गूगल ॲड्सच्या `Auction insights` अहवालात तुमच्या नावावर नवा बोली लावणारा दिसला, की नावाच्या सर्चचा जुना गुणक बाद समजून चाचणी पुन्हा लावा.