‘साफ खोटं’ म्हणण्याआधी

मॅकओएसची नवी आवृत्ती आधी बाहेरच्या डिस्कवर टाकून तपासा, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावर आलेली प्रतिक्रिया: “‘मूळ सिस्टिमला धक्काही लागत नाही’ हे साफ खोटं आहे, फर्मवेअर बदलतंच. हार्ड डिस्कवर तर इतकं हळू चालतं की तपासणार काय? माझं इन्स्टॉल अर्ध्यात बंद पडलं. स्वतः करून न बघता लिहू नये.”

उत्तर:

चूक दाखवलीत याचा राग नाही, पण ती सांगायची एक पद्धत असते. फर्मवेअरबद्दल लिहायचं माझ्याकडून राहिलं, मान्य. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर नवी आवृत्ती बाहेरच्या डिस्कवर टाकली तरी मशीनचं फर्मवेअर नवं होतं आणि डिस्क काढली म्हणून ते मागे येत नाही. जुनी आवृत्ती मात्र त्यावर चालत राहते. लेखात ती ओळ आज घातली. एवढ्यावरून ‘साफ खोटं’?

राहिलं ‘करून न बघता’. 2024 च्या सप्टेंबरात माझ्या एम1 एअरमध्ये जुनं सोनोमा होतं आणि मी नवं सिकोया बाहेरच्या एसएसडीवर टाकलं. डिस्क युटिलिटीत `Show All Devices` करून सगळ्यात वरची ओळ निवडली, `APFS` आणि `GUID Partition Map` ठेवून डिस्क पुसली, मग इन्स्टॉलरला तीच डिस्क दाखवली. मॅक बंद करून पॉवर बटण दाबून धरलं आणि एसएसडी निवडली. सगळं सुरळीत झालं.

चुकलं ते पुढे. आतल्या डिस्कचा डेटा तिथूनही दिसत होता. नवं फोटोज कसं आहे ते बघायच्या उत्साहात मी आतलीच लायब्ररी उघडली, आणि ती नव्या आवृत्तीसाठी अपग्रेड झाली. सोनोमात परतलो तर फोटोज ती उघडेना. मुलीच्या जन्मापासूनचे फोटो होते त्यात. आदल्या रात्रीचा टाइम मशीनचा बॅकअप होता म्हणून परत मिळाले. सोनोमाला ओरखडाही नव्हता, दुखापत झाली ती डेटाला. म्हणूनच लेखात ‘आतलं काही उघडू नका’ हे ठळक अक्षरांत आहे. ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही.

तेव्हापासून बाहेरच्या सिस्टिममध्ये शिरल्यावर आधी आतला डेटा व्हॉल्यूम माउंटच होणार नाही अशी सोय करतो. पहिल्या आज्ञेत त्याचा UUID मिळतो, दुसरीने उघडणाऱ्या फाइलमध्ये शेवटची ओळ लिहायची:

```
diskutil apfs list
sudo vifs
UUID=<UUID> none apfs rw,noauto
```

हे अनुभवातून आलंय, कुठून उचललेलं नाही.

हार्ड डिस्क वापरा असं मी कुठेही म्हटलेलं नाही, एसएसडी म्हटलंय. आणि इन्स्टॉल बंद पडलं म्हणता, तर डिस्क कुठल्या पोर्टला होती तेही सांगायचं. एम1 एअरवर बिजागरीजवळचा पोर्ट डीएफयूचा, म्हणजे फर्मवेअर दुरुस्तीचा, त्यात बूट डिस्क लावायची नसते. शेजारच्या पोर्टला लावून पुन्हा करा, मग बोलू.