पाचवा दिवस की दुसरा? एका प्रतिक्रियेला उत्तर

«तुमचा लेख वाचून आशेने बँकेत गेलो आणि तोंडघशी पडलो. आईच्या डेबिट कार्डावरून २५ जानेवारी २०२४ च्या रात्री १८,५०० आणि १९,९०० रुपये गेले, २९ तारखेला सकाळी आणखी ९,६००. मेसेज लगेच आले होते, आईने पाहिले नाहीत. आम्ही ३० तारखेला शाखेत गेलो. ‘पाच दिवस झाले, मुदत संपली, शिवाय ओटीपी टाकला गेलाय, म्हणजे चूक तुमचीच,’ असं सांगून परत पाठवलं. ‘तीन दिवसांत कळवा आणि निश्चिंत राहा’ हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात काही मिळत नाही.» – कोथरूडचा एक वाचक

नमस्कार. ‘निश्चिंत राहा’ हे शब्द माझेच आहेत आणि ते चुकीचे होते. लेखात दुरुस्ती करतो आहे. पण शाखेने तुम्हाला जी दोन कारणं दिली, त्यातलं पहिलं साफ चुकीचं आहे आणि दुसरं त्यांनी अजून सिद्ध केलेलं नाही. म्हणून हे उत्तर लांबलं आहे. मी पुण्यातच एका बँकेत बरीच वर्षं तक्रारींच्या टेबलावर बसलो आहे. तुमच्यासारखी माणसं समोरून उठून निघून जाताना पाहिली आहेत, आणि त्यातल्या काहींना निदान कॅलेंडर तरी नीट दाखवायला हवं होतं.

आधी दिवस मोजू. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवणारं. त्यात पूर्ण सवलत मिळण्यासाठी बँकेला कळवायला तीन ‘कामकाजाचे दिवस’ दिले आहेत. ते मोजायचे ते तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिच्या वेळापत्रकाप्रमाणे, आणि बँकेचा मेसेज ज्या दिवशी मिळाला तो दिवस सोडून.

आता २०२४ चा जानेवारी काढा. २५ तारीख गुरुवार होता. तो मेसेजचा दिवस, म्हणून मोजायचा नाही. २६ ला प्रजासत्ताक दिन. २७ ला महिन्यातला चौथा शनिवार, बँक बंद. २८ ला रविवार. म्हणजे पहिला दिवस सोमवार २९, आणि तुम्ही गेलात तो मंगळवार ३० हा दुसरा. मुदत बुधवार ३१ ला संपत होती. २९ तारखेच्या ९,६०० रुपयांसाठी तर ३० हा पहिलाच दिवस. काउंटरवरच्या माणसाने बोटांवर पाच मोजले आणि तुम्ही ते मान्य करून घरी आलात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण मुदतीच्या बाबतीत तुम्ही पूर्णपणे बरोबर होता. (काही सहकारी बँकांच्या शाखांची साप्ताहिक सुट्टी वेगळ्या वारी असते. तिथे मोजणी त्या शाखेप्रमाणे होईल. सहकारी बँकांसाठी असंच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघालं आहे.)

उशीर खरोखरच झाला असता तरी सगळं गेलं नसतं. चौथ्या ते सातव्या कामकाजाच्या दिवशी कळवलं, तर साध्या बचत खात्यासाठी ग्राहकाच्या वाट्याला प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये येतात; व्यवहार त्याहून लहान असेल तर तेवढीच रक्कम. समजा तुम्ही सोमवारी ५ फेब्रुवारीला गेला असता. पहिल्या दोन व्यवहारांचे दहा-दहा हजार आणि तिसऱ्याचे ९,६००, असे २९,६०० तुमचे गेले असते आणि १८,४०० बँकेने सोसले असते. सात दिवसांनंतर मात्र बँकेचं स्वतःचं धोरण काय म्हणतं त्यावर सगळं अवलंबून. शून्य खर्चाच्या मूलभूत बचत खात्याला ही मर्यादा ५,००० ची आहे, आणि पाच लाखांहून जास्त मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला २५,००० ची.

आता दुसरं कारण, ओटीपी. माझ्या लेखात घोटाळा झाला तो इथेच.

तीन दिवसांची सवलत सगळ्यांना नाही. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, मधल्या यंत्रणेत कुठेतरी आहे, अशा वेळी ती लागू होते. दोष बँकेचाच असेल तर तुम्ही कधी कळवलंत याने फरक पडत नाही, तुमची जबाबदारी शून्य. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, म्हणजे ओटीपी किंवा पिन कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा ग्राहकाचा. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे अशा प्रकरणात दिवसांना काही अर्थच उरत नाही, तिथे मिनिटं मोजली जातात. आईंनी खरोखर कुणाला ओटीपी सांगितला असेल, तर ३० तारखेपर्यंतचे ४८,००० तुमचे, हे मी लपवून ठेवणार नाही. पण २५ च्या रात्रीच फोन करून कार्ड बंद केलं असतं, तर त्या वाईटातल्या वाईट स्थितीतही २९ तारखेचे ९,६०० तुमच्या माथी आले नसते. त्यानंतरचा व्यवहार होऊ देणं हा बँकेचा प्रश्न झाला असता.

मग निष्काळजीपणा होता की नव्हता, हे ठरवायचं कुणी? परिपत्रक स्पष्ट आहे: ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे. ‘ओटीपी टाकला गेला’ हा पुरावा नव्हे. त्यातून कुणीतरी ओटीपी टाकला एवढंच कळतं. तो आईंनी दिला का, हे त्यातून कळत नाही. डुप्लिकेट सिम काढून घेतलं असेल तर ओटीपी चोराच्याच फोनवर जातो. ‘लाईट बिल भरलं नाही, आज रात्री वीज तोडू’ किंवा लग्नपत्रिका म्हणून आलेली फाईल फोनमध्ये बसली असेल तर ती मेसेज गुपचूप पुढे पाठवते. आणि परदेशी संकेतस्थळांवर कित्येकदा ओटीपी विचारलाच जात नाही. तेव्हा बँकेचं वाक्य मुळात खरं आहे का, तेही तपासावं लागतं.

घरीच बघता येईल असं सांगतो. आईंचा फोन हातात घ्या आणि त्या रात्रीचे मेसेज उघडा. पैसे गेल्याचे मेसेज आहेत, पण त्याआधीचे ओटीपीचे मेसेज नाहीत, असं दिसलं तर एकतर ते पुसले गेले आहेत किंवा या फोनवर आलेच नाहीत. त्या दिवसांत फोनला रेंज नव्हती का, ‘सिम बदलल्याबद्दल धन्यवाद’ असा काही निरोप आला होता का, ते आठवा. ॲपच्या यादीत अनोळखी ॲप आहे का ते बघा, पण लगेच काढून टाकू नका, आधी स्क्रीनचा फोटो घ्या. आणि आईंना विचारताना आवाज चढवू नका. माझ्या टेबलावर खरी गोष्ट बहुतेक वेळा दुसऱ्या भेटीत बाहेर यायची, कारण पहिल्या भेटीत मुलगा शेजारी बसून रागावत असायचा. खरं काय घडलं ते आधी घरात कळलं पाहिजे. खोटं लिहून दिलेली तक्रार नोंदींसमोर टिकत नाही, आणि मग खरी बाजूही जाते.

कार्डधारकाने काहीही न करता कार्डांमधून पैसे निघू शकतात, हे पुण्याला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तेव्हा नकली कार्डांच्या मागण्या खोट्या यंत्रणेकडून मंजूर करून सुमारे ८० कोटी रुपये काढले गेले. कुणा खातेदाराने पिन सांगितला म्हणून ते घडलं नव्हतं, आणि तोटाही खातेदारांच्या खात्यांवर पडला नाही.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते ‘परत पाठवलं’. तक्रार क्रमांक मिळाला का? नसेल तर बँकेच्या दप्तरी तुम्ही ३० तारखेला आलाच नव्हतात. तक्रार नोंदवून घेऊन क्रमांक देणं बँकेचं काम आहे. त्यासाठी आधी एफआयआर आणा, अशी अट परिपत्रकात नाही, जरी काही शाखा तसं सांगतात. म्हणून रात्री-अपरात्री लक्षात आलं तर शाखा उघडायची वाट बघू नये. कार्डाच्या मागचा नंबर किंवा ॲप चोवीस तास चालू असतं. कार्ड बंद करायचं, क्रमांक लिहून घ्यायचा, त्याच वेळी बँकेला ईमेल करायचा. मग सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन किंवा cybercrime.gov.in वर तक्रार. याने बँकेची जबाबदारी ठरत नाही, पण पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे निघायच्या आत अडवता येतात. त्याला पहिले काही तासच असतात.

तुमच्याकडे ३० तारखेचा कसला तरी पुरावा असेलच: शाखेत दिलेल्या अर्जाची प्रत, त्या दिवशीचा फोन, पासबुकात भरून घेतलेली नोंद. तो जोडून आता शाखा व्यवस्थापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. पत्रात वर मोजली तशी तारखांची मोजणी लिहा. आणि चारच गोष्टी मागा: प्रत्येक व्यवहाराचा ओटीपी कोणत्या नंबरवर किती वाजता गेला, पैसे कोणत्या दुकानदाराकडे किंवा खात्यात गेले, व्यवहार देशातला की परदेशी, आणि पैसे गेल्याचा मेसेज किती वाजता पोचला. मेसेज पोचल्याची आणि ग्राहकाचं उत्तर आल्याची वेळ नोंदवायची, हे बँकेला बंधनकारक आहे. तेव्हा ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर होऊ शकत नाही.

पैशांच्याही तारखा ठरलेल्या आहेत. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती खात्यात जमा दाखवायची असते, बँकेत त्याला शॅडो क्रेडिट म्हणतात. तुमच्या बाबतीत दहावा दिवस १२ फेब्रुवारी येतो, कारण १० ला दुसरा शनिवार होता. ही जमा व्यवहाराच्या मूळ तारखेपासून धरायची, म्हणजे व्याज बुडत नाही. चौकशी संपेपर्यंत ते पैसे कदाचित काढता येणार नाहीत, आणि निष्काळजीपणा सिद्ध झाला तर ते परतही जातील. निकाल ९० दिवसांच्या आत लागायला हवा, म्हणजे २९ एप्रिलपर्यंत. तोवर बँकेला तुमची जबाबदारी ठरवता आली नाही, तर परिपत्रकाप्रमाणे भरपाई द्यावी लागते.

लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पुन्हा तेच ‘पाच दिवस’ लिहून आलं, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जा. पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. तिथे लांबलचक कहाणी लिहू नका. कॅलेंडर, तक्रारीची पोच आणि न मिळालेली ती चार उत्तरं जोडा.

आईंच्या फोनमध्ये ओटीपीचे मेसेज सापडले की नाही, ते मात्र मला कळवा. पत्राचा पहिला परिच्छेद त्यावर ठरेल, आणि तो मी तुमच्याबरोबर बसून लिहायला तयार आहे.