चटई म्हणजे कार्पेट नव्हे: विकास आराखड्याचा गोषवारा मराठीत करताना

गेले तीन आठवडे मी एका विकास आराखड्याच्या गोषवाऱ्याचं मराठी करत होते. नागरिकांसाठी सभा, मग हरकती-सूचना, आणि त्यासाठी लोकांच्या हातात द्यायची बारा पानं. माझ्याआधी कुणीतरी केलेला एक मराठी मसुदाही मला मिळाला होता. त्यात ‘प्रीमियम एफएसआय’चं भाषांतर ‘उच्च दर्जाचा चटई क्षेत्र निर्देशांक’ असं केलेलं होतं. वाचल्यावर मी बराच वेळ त्या ओळीपाशीच थांबले. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट एकूण बांधकाम करता येतं तो आकडा, आणि इथे प्रीमियम म्हणजे अधिमूल्य, शासनाला आणि पालिकेला भरायचे पैसे. दर्जाचा काही संबंधच नाही. ही ओळ वाचून एखाद्याला वाटेल की आपल्या प्लॉटला काहीतरी चांगलं मिळतंय, आणि त्यासाठी पैसे मोजावे लागतात हे त्याच्या लक्षातही येणार नाही.

पण खरी अडचण त्या चुकीच्या शब्दात नव्हती. ती बरोबर शब्दात होती.

एफएसआयला कायद्याच्या मराठीत ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणतात. नियमावलीत, परवान्यावर, सगळीकडे हाच शब्द आहे. आणि फ्लॅट घेताना आपण जो कार्पेट एरिया विचारतो, त्यालाही मराठीत ‘चटई क्षेत्र’च म्हणतात. एकाच चटईखाली दोन वेगळ्या गोष्टी. कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, सामाईक जिना त्यात येत नाहीत. एफएसआय मोजताना मात्र इमारतीची बाहेरची रेषा धरतात. राज्याची २०२० ची एकत्रित नियमावली त्याला पी-लाइन म्हणते. भिंती, जिना, लिफ्ट, बाल्कनी, सगळं त्या रेषेच्या आत मोजलं जातं.

हा घोळ किती खोल आहे ते नाशिकमध्ये मखमलाबादच्या बाजूला एका देवळाच्या सभामंडपात कळलं. मसुदा छापायच्या आधी तो तीस-चाळीस जणांसमोर वाचून पाहायचा, असा माझा आग्रह होता. एक आप्पा पुढे बसले होते, द्राक्षबाग काढून तिथे प्लॉट पाडलेले. ते म्हणाले, “ताई, माझा चार आरचा प्लॉट. चटई एक पूर्णांक दहा शतांश म्हणजे चारशे चाळीस मीटर कार्पेट मला विकता येईल, असंच ना?” मागून एकाने विचारलं, “एक पूर्णांक दहा म्हणजे एक मजला आणि वर थोडं?” दोघांनीही नीट वाचलं होतं. शब्दांनीच त्यांना तिकडे नेलं.

त्या रात्री मी ती दोन पानं पूर्ण बदलली. व्याख्या मागे टाकली आणि आप्पांचाच प्लॉट पुढे आणला. तो हिशेब इथे देते, कारण ज्यांच्याकडे असा गोषवारा येईल त्यांना हाच उपयोगी पडेल.

प्लॉट ४०० चौरस मीटर, सातबाऱ्यावर ४ आर. मूळ एफएसआय १.१०, म्हणजे सगळ्या मजल्यांचं मिळून ४४० चौरस मीटर बांधकाम. ते चार मजल्यांवर ११० करून वाटा किंवा दोन मजल्यांवर २२० करून, सामासिक अंतरं आणि उंचीचे नियम पाळले की झालं. निर्देशांक मजले सांगत नाही, एकूण बेरीज सांगतो.

आता समोरचा रस्ता बघायचा. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर मूळ एफएसआय इथेच संपतो, ४४०. रस्ता ९ ते १२ मीटरच्या दरम्यान असेल तर अधिमूल्य भरून ०.५० मिळू शकतो, म्हणजे २०० चौरस मीटर. आणि ज्याची जमीन रस्त्यात किंवा आरक्षणात गेली त्याच्याकडून टीडीआर, म्हणजे त्याला मोबदल्यात मिळालेला बांधकामाचा हक्क, विकत घेऊन ०.४०, म्हणजे १६०. बेरीज ८००. रस्ता रुंद होत जातो तसा टीडीआरचा आकडा वाढतो, मूळ १.१० तसाच राहतो. शिवाय जिना, बाल्कनी वगैरेंसाठी रहिवासी इमारतीला जास्तीत जास्त ६० टक्के पूरक क्षेत्र मिळतं, तेही पैसे भरून. ४४० वर ते २६४ होतं.

म्हणून ‘इथे एफएसआय किती’ या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर नसतं. गोषवाऱ्यात एकच आकडा छापला तर भाषांतर शब्दशः बरोबर असूनही लोकांची दिशाभूल होते. फुकट किती, पैसे भरून किती, दुसऱ्याकडून विकत घेऊन किती, हे तीन वेगळे रकाने हवेतच.

कायद्याचा शब्द मात्र मी काढला नाही. हरकत लिहिताना तोच लागतो. पहिल्यांदा ‘चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय)’ असं लिहिलं, खाली एक ठळक ओळ दिली की हे फ्लॅटचं कार्पेट नव्हे, आणि पुढे सगळीकडे नुसतं एफएसआय. काही लोकांना हा इंग्रजीपुढे शरणागतीचा प्रकार वाटला. मला नाही वाटत. रविवार कारंजापासून आडगावपर्यंत ज्याच्याकडे एक गुंठा आहे तो एफएसआयच म्हणतो.

झोनच्या बाबतीतही तेच. ‘यलो झोन’, ‘ग्रीन झोन’ हे शब्द इथे गवंड्यालाही माहीत आहेत. आधीच्या मसुद्यात ग्रीन झोनला ‘हरित विभाग’ केलं होतं. एका मावशींना वाटलं, तिथे पालिका बाग करणार. मी ‘शेती विभाग (ग्रीन झोन)’ केलं आणि तिथे काय बांधता येतं ते एका ओळीत लिहिलं. पूररेषा समजावून सांगावी लागली नाही. २००८ चा पूर पाहिलेल्या नदीकाठच्या लोकांना निळी रेषा कुठून जाते ते तोंडपाठ आहे.

‘आरक्षण’ या शब्दावर सगळ्यांत जास्त वेळ गेला. लोक ‘जमीन गेली’ असंच समजतात. नकाशावर आरक्षण पडलं म्हणजे जमीन त्याच दिवशी संपादित झाली असं नाही. मालकी तुमचीच राहते, वापरावर बंधन येतं. अंतिम आराखडा अमलात आल्यावर १० वर्षांत संपादन झालं नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येतं. हे तीन वाक्यांत लिहिता येतं. मूळ गोषवाऱ्यात ते नव्हतं, मी आग्रहाने घालून घेतलं.

आणि ‘अनुज्ञेय’. सभामंडपात हा शब्द एकालाही नीट सांगता आला नाही. ‘जास्तीत जास्त एवढं’ केलं, काम झालं.

दुसऱ्या वाचनाला मी समजलं का असं विचारलंच नाही, कारण मंडपात सगळे मान डोलावतात. कोरे कागद वाटले आणि म्हटलं, आपापल्या प्लॉटचा हिशेब करा. जिथे पेन अडलं तिथलं वाक्य बदललं.

आप्पांचं पेन रस्त्यापाशी अडलं. त्यांच्यासमोरचा रस्ता आज साडेसात मीटर आहे, आराखड्यात ९ दाखवलाय. त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली आणि वाढीव दीड मीटर पूर्ण त्यांच्याच बाजूने घेतल्याचं दाखवलं. वीस मीटर दर्शनी बाजू, म्हणजे ३० चौरस मीटर. “रस्ता होऊ द्या, त्याने माझाही फायदा आहे,” ते म्हणाले, “पण निम्मं समोरच्याकडून घ्या.” हरकतीच्या अर्जावर त्यांनी गट नंबर लिहिला आणि खाली स्वतःच्या अक्षरात: रुंदीकरण मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंस पाऊण मीटर करावे.