चौकोनी पल्सचा त्रिकोण झाला तरी बिघडत नाही: मॅच्ड फिल्टरवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

> "लेख वाचला. मॅच्ड फिल्टरला तुम्ही सर्वोत्तम म्हणता, पण चौकोनी पल्स आत घातला की बाहेर त्रिकोण पडतो. जो सिग्नलचा आकारच मोडतो तो सर्वोत्तम कसा? दुसरं, पल्स आधीच ठाऊक असेल तर रिसीव्हर हवाच कशाला? आणि आमच्या लॅबमध्ये मुलांनी साधा आर-सी फिल्टर लावून पाहिला, स्कोपवर काही फरक दिसला नाही. पुस्तकातली गणितं पुस्तकातच ठीक."

नमस्कार सर,

लेखातलं माझं विधान एवढंच होतं, की ठाऊक असलेल्या पल्सच्या मापाने बनवलेला मॅच्ड फिल्टर सॅम्पलिंगच्या क्षणी सिग्नल आणि नॉइज यांच्या पॉवरचं गुणोत्तर शक्य तेवढं मोठं करतो. आता दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय. हा फिल्टर आला रडारच्या कामातून. १९४३ साली आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत डी. ओ. नॉर्थ यांनी त्याचं गणित मांडलं. रडार पल्स स्वतःच सोडतं, त्यामुळे परत येणाऱ्या पल्सचा आकार त्याला ठाऊक असतो. ठाऊक नसतं ते एवढंच, की तो परत आला का आणि आला असेल तर कधी. डेटा लिंकमध्येही तेच. पल्सचा आकार दोन्ही टोकांना ठरलेला, पण या वेळी तो उलटा आला की सुलटा, म्हणजे बिट शून्य की एक, हे कळायचं असतं.

म्हणजे रिसीव्हरला शेवटी एका क्षणी एक आकडा हवा असतो. त्या आकड्यात पल्सचा वाटा मोठा आणि नॉइजचा लहान असला की झालं. आकार जसाच्या तसा राखणं हे त्याचं कामच नाही. ईसीजी काढताना आकारच वाचायचा असतो, तिथे मॅच्ड फिल्टर लावला तर डॉक्टर आपल्याला हाकलून देतील, आणि ते बरोबरच होईल. इथे आकार आधीच हातात आहे, त्यामुळे त्रिकोण पडला तरी आपण काहीच गमावत नाही. त्या त्रिकोणाचं फक्त टोक आपल्या कामाचं.

आता ते टोक सर्वांत उंच कसं, हे पुस्तक बाजूला ठेवून दोन आकड्यांत पाहू. पल्सची दोनच सॅम्पलं आहेत असं धरा: पहिलं ३, दुसरं १. प्रत्येक सॅम्पलवर नॉइज बसलाय, सरासरी शून्य, सरासरी वर्ग १, आणि दोन्ही ठिकाणचे नॉइज एकमेकांशी संबंध नसलेले. दोन्ही सॅम्पलांना काही वजनं देऊन बेरीज करायची आहे. वजनं कोणती द्यावीत?

समान वजनं दिली, तर पल्सची बेरीज ४, तिचा वर्ग १६. नॉइजची पॉवर १ अधिक १, म्हणजे २. गुणोत्तर ८. आता दुसरं सॅम्पल फेकून देऊन फक्त मोठं ठेवलं, तर ९ भागिले १, म्हणजे ९. गंमत पाहा, दोन्ही सॅम्पलं वापरून मिळालं त्यापेक्षा एकाने जास्त दिलं. लहान सॅम्पल जितका सिग्नल आणतं त्या मानाने नॉइज फार आणतं, म्हणून त्याला बरोबरीचा मान दिला की नुकसान होतं. पण म्हणून त्याला पूर्ण वगळायचंही कारण नाही. वजनं ३ आणि १ दिली, म्हणजे पल्सच्याच प्रमाणात, तर सिग्नल ९ अधिक १ म्हणजे १०, वर्ग १००. नॉइजची पॉवरही ९ अधिक १ म्हणजे १०. गुणोत्तर १०.

याहून जास्त कोणत्याच वजनांनी मिळत नाही. वजनं w1 आणि w2 धरली तर ते एका ओळीत दिसतं:

```
10(w1² + w2²) − (3w1 + w2)² = (w1 − 3w2)²
```

कंस सोडवून ताडून पाहा. उजवीकडे वर्ग आहे, तो ऋण होऊ शकत नाही. म्हणून सिग्नलचा वर्ग नॉइजच्या पॉवरच्या दहापटीपेक्षा कधीच पुढे जात नाही, आणि बरोबर दहापट होतो तो `w1 = 3w2` असतानाच. दहा हा आकडाही आकाशातून पडलेला नाही. ३ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, म्हणजे पल्सची एनर्जी. सॅम्पलं दोनऐवजी हजार घ्या किंवा सलग वेळ घ्या, कोशी-श्वार्ट्झ असमानता म्हणून पुस्तकात जी येते ती हीच ओळ, फक्त लांब. सलग वेळेसाठी सपाट स्पेक्ट्रमच्या नॉइजमध्ये हे कमाल गुणोत्तर `2E/N0` येतं. त्यात पल्सची एनर्जी E आहे, नॉइजची पातळी N0 आहे, आकार कुठेच नाही. चौकोनी, त्रिकोणी, वाकडातिकडा, एनर्जी सारखी असेल आणि फिल्टर त्याच्याच मापाचा असेल, तर टोकाशी सगळे सारखे.

वजनांवरून फिल्टरकडे येताना एक गोष्ट बऱ्याच जणांच्या हातून निसटते. फिल्टर कन्व्होल्यूशन करतो, म्हणजे त्याच्या इम्पल्स रिस्पॉन्सचा पहिला आकडा सर्वांत नव्या सॅम्पलला लागतो आणि शेवटचा सर्वांत जुन्याला. आपल्याला जुन्या सॅम्पलला ३ आणि नव्याला १ द्यायचंय, म्हणून s हा पल्स आणि T त्याची लांबी असेल तर इम्पल्स रिस्पॉन्स उलटा लिहावा लागतो: `h(t) = s(T − t)`.

```python
import numpy as np
print(np.convolve([3, 1], [1, 3]))   # [ 3 10  3]
print(np.convolve([3, 1], [3, 1]))   # [9 6 1]
```

पहिल्या ओळीत दुसऱ्या सॅम्पलवर १० चं टोक. दुसऱ्या ओळीत उलटवायचं राहून गेलंय. टोक ९ वरच थांबलं, तेही एक सॅम्पल अगोदर. नॉइजची पॉवर तीच १०, म्हणून गुणोत्तर ८१ भागिले १०, म्हणजे ८.१. आणि ठरल्या क्षणी सॅम्पल घेतलं तर फक्त ३.६. ही चूक चौकोनी पल्सवर कधीच सापडत नाही, कारण चौकोन उलटा केला तरी चौकोनच. प्रोग्राम तपासायचा तर मुद्दाम एकीकडे झुकलेला पल्स घालावा.

आता तुमच्या आर-सी फिल्टरकडे. मुलांना फरक दिसला नाही, यात मला नवल वाटत नाही. T लांबीच्या एका चौकोनी पल्ससाठी आर-सीचा टाइम कॉन्स्टंट साधारण `0.8T` ठेवला आणि पल्स संपताक्षणी सॅम्पल घेतलं, तर आर-सी त्याच्याकडून शक्य तेवढं उत्तम देतो, आणि ते मॅच्ड फिल्टरच्या ८१ टक्के असतं. नुकसान फक्त ०.८९ डेसिबल. स्कोपवर नॉइजने फुगलेल्या रेषेत हे डोळ्यांना कळणं अशक्यच. उलट मॅच्ड फिल्टर लावून सॅम्पल घ्यायला पल्सच्या दहा टक्के उशीर केलात, तर टोक ०.९ वर उतरतं, नॉइज तेवढाच राहतो आणि ०.९२ डेसिबल हातचे जातात. म्हणजे घड्याळ जरा ढिलं असेल तर मॅच्ड फिल्टरची सगळी कमाई त्यातच खर्च. 'सॅम्पलिंगच्या क्षणी' हे शब्द त्या विधानात उगाच घातलेले नाहीत. त्या क्षणाच्या आगेमागे हा फिल्टर सर्वोत्तम असल्याचा दावा कोणी करतच नाही.

पण तुमचा प्रयोग बहुधा एकट्या पल्सवर झालाय, फंक्शन जनरेटरवरून, मध्ये ऐसपैस मोकळी जागा ठेवून. खऱ्या लिंकमध्ये पल्स एकामागोमाग येतात. आर-सीचा कपॅसिटर मागचा पल्स विसरत नाही: T एवढा वेळ गेला तरी आधीच्या व्होल्टेजचा २८ टक्क्यांहून थोडा जास्त भाग त्यात शिल्लक असतो. आता +१ आलाय आणि आधीचे सगळे −१ होते असं धरा. नवा पल्स ०.७१५ पर्यंत चढवतो, जुनं ओझं ०.२८५ खाली ओढतं, हातात राहतं ०.४३. एकट्या पल्सच्या तुलनेत हे ४.४ डेसिबल कमी, वर आधीचे ०.८९ आहेतच. याउलट चौकोनी पल्सचा मॅच्ड फिल्टर म्हणजे T पर्यंत इंटिग्रेट करायचं, आकडा घ्यायचा आणि कपॅसिटर रिकामा करायचा. सॅम्पल वेळेवर घेतलं तर मागच्या पल्सचं काहीच उरत नाही. खरा फरक पडतो तो इथे.

एक मर्यादा मात्र तुम्ही विचारली नसलीत तरी सांगायला हवी, कारण लॅबमध्ये तीच आधी भेटते. वरचं सगळं नॉइज सगळीकडे सारखा असेल तरच खरं. समजा, आपल्या दोन सॅम्पलांपैकी पहिल्यावरच्या नॉइजची पॉवर १ नसून ९ आहे. जुनी वजनं ३ आणि १ ठेवली तर सिग्नलचा वर्ग १००, नॉइज ८१ अधिक १ म्हणजे ८२, गुणोत्तर जेमतेम १.२२. प्रत्येक वजनाला त्या जागच्या नॉइजच्या पॉवरने भागलं, म्हणजे ३/९ आणि १, तर गुणोत्तर २ येतं. आता लहान सॅम्पलचं वजन मोठ्याच्या तिप्पट झालं! फ्रीक्वेन्सीच्या भाषेत, जिथे नॉइज जास्त तिथे फिल्टरने हात आखडता घ्यायचा. पन्नास हर्ट्झची गुणगुण शिरलेल्या सर्किटमध्ये पुस्तकातला साधा मॅच्ड फिल्टर निराशा करतो तो यामुळेच.

आणि पल्स अर्धवटच ठाऊक असेल तर? गुरुत्वीय लहरींच्या शोधात नेमकी हीच अडचण होती. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन होतानाच्या लहरीचा आकार त्यांच्या वस्तुमानावर अवलंबून, आणि वस्तुमान आधी कोणाला माहीत? पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत बी. एस. सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांनी १९९१ मध्ये असे किती आणि कोणते फिल्टर लावावे लागतील याचा हिशेब मांडला. २०१५ सालच्या पहिल्या शोधाच्या वेळी लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेचा डेटा सुमारे अडीच लाख नमुन्यांशी ताडून पाहिला गेला, आणि तिथला नॉइज सपाट नसल्यामुळे वर सांगितलेला भागाकारही करावा लागलाच.

तुमच्या लॅबसाठी एक सुचवतो. जनरेटरवरून मोकळ्या जागेशिवाय +१ आणि −१ चे यादृच्छिक बिट पाठवा, नॉइज सुरुवातीला घालूच नका. प्रत्येक बिटाच्या शेवटी घेतलेले आकडे साठवून त्यांचा हिस्टोग्राम काढा. आर-सीला +१ चे आकडे ०.४३ ते १ या पट्ट्यात पसरलेले दिसतील, मागे कोणते बिट होते त्याप्रमाणे. इंटिग्रेट करून रिकाम्या होणाऱ्या सर्किटला ते एकाच जागी येतील, आणि आले नाहीत तर आधी क्लॉकची वेळ किंवा कपॅसिटर रिकामा करणारा स्विच तपासा. मग हळूहळू नॉइज वाढवत चुकलेले बिट मोजा. फरक स्कोपवर शोधण्यापेक्षा असा मोजला तर मुलांना नक्की सापडेल.